कोको नक्की कशापासून होतो, आणि ती बी आंबवल्याशिवाय नुसती भाजून का चालत नाही

आमच्याकडे एकादशीला आईने विचारलं की कोको घातलेलं दूध उपवासाला चालेल का, कारण डब्यावर कोको बीन्स असं लिहिलंय, आणि बीन्स म्हणजे राजमा, घेवडा, म्हणजे कडधान्यच झालं की. प्रश्न एकदम बरोबर होता. हा घोळ फक्त आईचा नाहीये, बऱ्याच जणांना खरंच वाटतं की कोको कुठल्यातरी शेंगेत तयार होतो. म्हणून जरा नीट सांगते, कारण या प्रश्नाच्या मागे जे आहे ते मला स्वतःला फार आवडतं.

कोको बीन हे फक्त व्यापारातलं नाव आहे, कॉफी बीनसारखं. ती कडधान्याची बीन नाही. ती एका फळातली बी आहे. झाडाचं शास्त्रीय नाव थिओब्रोमा काकाओ, आणि कुळ कुठलं, तर भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंदीचं. तूर, हरभरा, शेंगदाणा यांच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही.

फळ कसं असतं हे कोकणातल्या माणसाला सांगणं सोपं आहे. फणस कसा खोडालाच लागतो, तसंच कोकोचं फळही थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लटकलेलं असतं. आकाराने साधारण वीतभर, दोन्हीकडे निमुळतं, वरून उभ्या खाचा, पिकलं की पिवळं किंवा नारिंगी, काही जातीत लाल. फोडलं की आत मधल्या दांड्याभोवती तीस-चाळीस बिया ओळीने बसलेल्या असतात आणि प्रत्येक बीभोवती पांढरा, चिकट, रसाळ गर असतो. सीताफळाची बी आणि तिच्याभोवतीचा गर आठवा, बरंच तसं दिसतं. तो गर आंबटगोड असतो, छान लागतो, पण चॉकलेटची चव त्यात औषधालाही नाही. जंगलात माकडं आणि खारी फळ फोडतात, गर चोखतात आणि बी थुंकून टाकतात, कारण बी प्रचंड कडू आणि तुरट असते. झाडाला तेच हवं असतं म्हणा, गर खा आणि बी कुठेतरी लांब टाका.

आता त्या बीच्या आत बघू, कारण पुढचं सगळं तिथेच घडतं. बाहेर पातळ टरफल, आत दोन डाळिंब्या, आणि त्यांच्यात बारीकसा अंकुर. वाळवलेल्या बीचं निम्मं वजन जवळजवळ चरबीचं असतं, तेच कोको बटर. बाकी प्रथिनं, थोडी साखर, कडवट थिओब्रोमिन आणि थोडं कॅफीन, आणि बरीचशी तुरट द्रव्यं ज्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. ही तुरट द्रव्यं वेगळ्या पेशींमध्ये बंद असतात आणि प्रथिनं-चरबी वेगळ्या पेशींमध्ये. जिवंत बीत ती एकमेकांना भेटतच नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय ताज्या बीचा काप जांभळा असतो, जांभळाचा किंवा वांग्याच्या सालीचा रंग ज्या प्रकारच्या द्रव्यांमुळे येतो तशाच द्रव्यांमुळे.

मी एकदा दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या ओळखीच्या सुपारीच्या बागेतून कोकोची फळं घेऊन आले होते, तिकडे सुपारीच्या सावलीत कोको आंतरपीक म्हणून लावतात. माझ्या डोक्यात होतं की बी काढायची, धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, शेंगदाण्यासारखी भाजायची आणि मिक्सरला लावायची. तसंच केलं. वास आला, पण भाजलेल्या चिंचोक्यासारखा काहीतरी, आणि तोंडात टाकल्यावर जीभ आकसली, कच्ची सुपारी किंवा न पिकलेलं केळं खाल्ल्यावर होते तशी. चॉकलेटचा मागमूस नाही. बागवाले काका म्हणाले, अगं तुझी बी आंबवलेलीच नाही, त्यातून काय निघणार. आणि त्यांनी त्यांच्याकडची आंबवून वाळवलेली पाव किलो बी दिली. तिचं काय झालं ते भाजण्याच्या भागात सांगते.

आंबवणं म्हणजे काय ते घानामधल्या पद्धतीवरून समजून घेऊ, कारण पश्चिम आफ्रिकेतच जगातला सगळ्यात जास्त कोको होतो आणि तिथली पद्धत अगदी साधी, उघड्यावर दिसणारी आहे. मूळ झाड अमेझॉनच्या वरच्या भागातलं, घानात ते रुजलं एकोणिसाव्या शतकात, टेटे क्वार्शी नावाच्या माणसाने 1879 साली फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या असं तिथे मानलं जातं. आज तिथे लाखो छोटे शेतकरी बागेतच बी आंबवतात, ना कारखाना ना मशीन.

फळं तोडून एका जागी आणतात, कोयत्याने किंवा लाकडी दांडक्याने फोडतात. दांडकं बरं, कारण कोयता आत गेला तर बी कापली जाते आणि कापलेल्या बीत बुरशी शिरते. गरासकट बी काढतात आणि केळीच्या पानांवर ढीग घालतात, वरून परत केळीची पानं, वर दोन-चार लाकडं ठेवून दाबून टाकतात. बस. वेगळं विरजण काही घालत नाहीत. यीस्ट आणि जीवाणू फळाच्या सालीवरून, माणसांच्या हातांवरून, कोयत्यावरून, पानांवरून आपोआप येतात, जसं इडलीच्या पिठात आपण काही न घालता ते उन्हाळ्यात फुगतं तसंच.

पहिला दिवस-दीड दिवस यीस्टचा. गरात साखर भरपूर, आंबटपणा भरपूर, आणि ढिगात आत हवा जात नाही, म्हणजे यीस्टला पाहिजे ते सगळं. ते साखरेची दारू करतं, शिवाय गराचा चिकटपणा ज्या पेक्टिनमुळे असतो ते पेक्टिन तोडतं, मग गर पातळ होऊन पाण्यासारखा खालून गळायला लागतो. याच वेळी दह्यातल्यांच्या नात्यातले लॅक्टिक जीवाणू गरातलं सायट्रिक आम्ल खातात. गर गळून गेला की बियांमध्ये फट पडते आणि हवा आत शिरते.

हवा आत आली की खेळ बदलतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे साधारण 48 तासांनी, ढीग पहिल्यांदा उलथापालथा करतात. आता व्हिनेगर करणारे जीवाणू जोर धरतात. दारू हवेत उघडी राहिली की आंबट होते ना, तसंच हे जीवाणू दारूपासून अ‍ॅसेटिक आम्ल बनवतात आणि हे करताना खूप उष्णता बाहेर पडते. ढीग 45 ते 50 अंशांपर्यंत तापतो, हात घातला तर चटका बसल्यासारखा वाटतो, आणि व्हिनेगरचा वास नाकात जातो. ढीग फार छोटा असेल तर ही उष्णता टिकत नाही, मधला भाग तापतच नाही आणि बी अर्धवट राहते, म्हणून घरी चार फळांच्या बिया डब्यात घालून आंबवायला गेलं की बहुतेक वेळा फसतं. मीही नंतर दहा फळांवर करून पाहिलं, वरून गोणपाट गुंडाळलं तरी ते गार पडलं आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आली.

आता लोकांना वाटतं की आंबवणं म्हणजे बी आंबते. खरं तर आंबतो तो बीभोवतीचा गर. जीवाणू बीच्या आत जात नाहीत, टरफल त्यांना अडवतं. आत जाते ती उष्णता आणि व्हिनेगरचं आम्ल, थोडी दारूही. बीला ओल मिळालीये, ऊब मिळालीये, म्हणून तिची रुजायची तयारी चाललेली असते, मोड यायच्या आधी मटकी फुगते तशी. (कोकोची बी तशीही कडधान्यासारखी वर्षभर डब्यात टिकत नाही, लगेच रुजली नाही तर मरते.) आणि त्यातच हे आम्ल आणि उष्णता तिला मारतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बी मरते, आणि चॉकलेटच्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे.

का, ते बघा. बी मेली की आतल्या पेशींच्या भिंती फुटतात. इतके दिवस वेगवेगळ्या खोल्यांत बंद असलेल्या गोष्टी आता एकत्र येतात. बीत मुळातच एन्झाइम असतात, रुजताना साठवलेलं अन्न तोडून कोंबाला द्यायचं हे त्यांचं काम. कोंब तर मेला, पण एन्झाइम काम करतच राहतात. एक एन्झाइम साध्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. दुसरी दोन एन्झाइमं प्रथिनांवर चालतात, त्यांना मी दोन कात्र्या म्हणते. पहिली कात्री प्रथिनाचे मोठे मोठे तुकडे करते आणि तिला जास्त आंबटपणा लागतो. दुसरी कात्री त्या तुकड्यांच्या टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सुटं करते आणि तिला कमी आंबटपणा मानवतो. दोघींची मिळून जी लहान लहान तुकड्यांची आणि सुट्या अमिनो आम्लांची रास तयार होते, तीच पुढे भाजताना चॉकलेट होणार असते. आत्ता तिला चॉकलेटचा वास नाही, कच्चा माल आहे फक्त.

म्हणून आम्ल किती आणि किती लवकर आत जातं याला फार महत्त्व आहे. खूप झटकन खूप आंबट झालं तर दुसऱ्या कात्रीचं काम नीट होत नाही, चव कमी आणि आंबटपणा जास्त अशी बी मिळते. मलेशियाच्या कोकोची ही जुनी तक्रार होती. तिथल्या फळांत गर जास्त, म्हणजे साखर जास्त, म्हणजे आम्लही जास्त. त्यावर निघालेला उपाय साधा होता, फळं तोडल्यावर लगेच न फोडता काही दिवस तशीच ठेवायची. तेवढ्यात गरातलं पाणी आणि साखर कमी होते, आणि आंबताना ढीग लवकर तापला तरी आम्ल कमी तयार होतं. मला हा उपाय फार आवडतो, काहीही न घालता नुसतं थांबायचं.

दुसरं जे घडतं ते तुरटपणाचं. तुरट द्रव्यं आता मोकळी झालेली असतात, हवा लागली की ती ऑक्सिजनबरोबर जुळून तपकिरी होतात, चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ना, तेच. तपकिरी झाली की ती एकमेकांना आणि प्रथिनांना चिकटून मोठी होतात आणि मग जिभेला तेवढी आवळत नाहीत. जांभळा रंगही जातो. थोडं थिओब्रोमिन बाहेर झिरपून जातं, म्हणून कडूपणाही उतरतो. म्हणजे चॉकलेटचा तपकिरी रंग भाजण्याच्या आधीच बराचसा आलेला असतो.

चौथ्या दिवशी ढीग परत उलटतात, म्हणजे बाहेरची बी आत आणि आतली बाहेर, नाहीतर कडेची बी कच्चीच राहते. सहाव्या दिवशी ढीग मोडतात. त्यापुढे ठेवला तर दुसरे जीवाणू आणि बुरशी येतात, व्हिनेगरचा वास जाऊन अमोनियासारखा, सडल्याचा वास यायला लागतो, आणि ती बी कितीही भाजली तरी तो वास जात नाही.

मग वाळवणं. घानात बांबूच्या मांडवावर चटया टाकून त्यावर बी पातळ पसरतात आणि दिवसातून कित्येकदा हाताने हलवतात, पावसाची चाहूल लागली की चटईच गुंडाळून घेतात. आठवडाभर तरी जातो. या काळातही तो तपकिरी होण्याचा भाग चालू असतो आणि आम्ल थोडं थोडं उडून जातं, म्हणून एका दिवसात कडक तापवून वाळवणं बरोबर नाही, बाहेरून टरफल कडक होतं आणि आम्ल आत अडकतं. ओलावा सात-आठ टक्क्यांवर आला की थांबायचं. जास्त ओलं राहिलं तर पोत्यात बुरशी येते, फारच वाळलं तर बी ठिसूळ होते आणि चुरा होतो. जिथे पाऊस फार आहे, उदाहरणार्थ पापुआ न्यू गिनी, तिथे लाकडाच्या जाळावर वाळवतात आणि धूर लागला तर बीला धुरकट वास कायमचा चिकटतो. चरबी वास धरून ठेवते, तुपाचं भांडं उघडं ठेवल्यावर होतं तसंच.

आंबवणं नीट झालं की नाही हे कसं कळतं? बी कापून. पद्धत अशी की पोत्यांमधून नमुना काढून 300 बिया मोजून घेतात, प्रत्येक बी उभी कापतात आणि उजेडात रंग बघतात. आत तपकिरी आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या भेगा पडलेल्या असतील तर चांगली आंबलेली. जांभळी असेल तर अर्धवट. आणि जर घट्ट, एकसंध, शाळेतल्या पाटीसारखी करडी असेल तर आंबवलेलीच नाही, तिला नावच स्लेटी पडलंय. पहिल्या प्रतीच्या मालात अशा बिया शंभरात तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. मी धुऊन वाळवलेल्या माझ्या बिया नंतर कापून बघितल्या, एकूण एक करड्या-जांभळ्या, आणि एवढ्या घट्ट की सुरी अडत होती. काकांनी दिलेली बी बोटांनी दाबली तरी कुरकुरून फुटत होती. एक अपवाद मात्र आहे, क्रिओलो म्हणून जी जुनी जात आहे तिची बी मुळातच पांढुरकी असते, त्यामुळे तिथे जांभळ्या रंगावरून काही ठरवता येत नाही. तिला दोन-तीन दिवसांचं आंबवणंच पुरतं.

आता भाजणं. काकांची बी आणि माझी बी, दोन्ही एकेक वाटी, एकाच ओव्हनमध्ये दोन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवली, 130 अंशांवर 25 मिनिटं. पहिली काही मिनिटं काकांच्या ट्रेमधून फक्त व्हिनेगरचा वास येत होता, डोळ्याला झोंबेल इतका. ते बरोबरच आहे, आत अडकलेलं अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी उडून जात असतं. मग पंधराव्या मिनिटाच्या आसपास वास बदलला, आधी ब्रेडचा, मग एकदम चॉकलेट केकसारखा, अख्खं घर भरलं. माझ्या ट्रेमधून शेवटपर्यंत चिंचोकेच.

ओव्हन तेच, तापमान तेच, झाडंही त्याच बागेतली. फरक फक्त आत कच्चा माल होता की नव्हता एवढा. भाजताना जे होतं त्याला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात, 1912 साली लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती मांडली. ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की शेकडो नवीन वासाची द्रव्यं तयार होतात. पोळीवरचे डाग, बेसनाच्या लाडवासाठी भाजलेलं पीठ, भाजलेला रवा, सगळीकडे हीच असते. पण साखर कुठली आणि अमिनो आम्लं कुठली यावर वास ठरतो. बेसनाचा वास बेसनाचा आणि कोकोचा कोकोचा का, त्याचं उत्तर इथे आहे. आंबवलेल्या कोकोत कात्र्यांनी सोडलेली जी विशिष्ट अमिनो आम्लं असतात त्यांच्यापासून माल्टसारखे, मधासारखे वास देणारी द्रव्यं होतात, शिवाय पायराझिन नावाची भाजल्या-खरपूस वासाची द्रव्यं. न आंबवलेल्या बीत सुटी अमिनो आम्लं अगदी कमी आणि साखर अजून न तुटलेली, जी या रिअ‍ॅक्शनला तशी उपयोगी पडत नाही. म्हणून ती कितीही वेळ भाजा, करपेल पण चॉकलेट होणार नाही.

भाजताना चुकतंही. सहसा 110 ते 150 अंशांच्या मध्ये भाजतात, कमी तापमानाला जास्त वेळ किंवा उलट. कमी भाजली तर आंबटपणा राहतो, फार भाजली तर फळाफुलांसारखे जे नाजूक वास असतात ते उडून जातात आणि राहतो तो नुसता कोळशाचा कडवटपणा. वाईट बी असेल तर काही जण मुद्दाम कडक भाजतात, दोष झाकायला, चव मात्र सपाट होते. मी घरी मिनिटामिनिटाला एकेक बी काढून सोलून खाऊन बघते, आंबट लागायचं थांबलं आणि तुरटपणाच्या मागून गोडसर खरपूस चव यायला लागली की बाहेर. भाजण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे उघड्या चटईवर वाळलेल्या बीवरचे जंतू मरतात, साल्मोनेलासकट. बाजारात न भाजलेला, कच्चा म्हणून जो कोको मिळतो तोही बहुतेक वेळा आंबवलेला असतोच, नाहीतर तोंडात धरवला नसता.

भाजल्यावर टरफल सुटतं, अगदी शेंगदाण्यासारखं. थोडं कुटायचं आणि सुपात घेऊन पाखडायचं, हलकं टरफल उडतं आणि जड तुकडे राहतात, त्यांना निब म्हणतात. कारखान्यात हेच काम वाऱ्याच्या झोताने करतात. निब वाटले की आतली चरबी वितळून पातळ लगदा होतो. त्या लगद्यात साखर घालून चॉकलेट, आणि तो दाबून कोको बटर बरंचसं काढून घेतलं तर जी पेंड उरते ती दळून कोको पावडर. दाबायची ही पद्धत नेदरलँड्समध्ये 1828 साली फान हाउटेन यांच्या नावावर नोंदली गेली.

तर आईला मी सांगितलं की कोको कडधान्य नाही, फळातली बी आहे, आता ती उपवासाला चालवायची का हे आपल्या घरच्या रीतीप्रमाणे तू ठरव. पण डब्याच्या मागचं नक्की वाच. नुसती कोको पावडर असेल तर आत फक्त ही आंबवून भाजलेली बी असते, पण दुधात घालायच्या ज्या चॉकलेटी पावडरी मिळतात त्यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये माल्ट असतं, आणि माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जव. आमच्या डब्यात ते होतं, त्यामुळे त्या दिवशी दूध साधंच झालं.